वाक्य कुठल्या रिकाम्या जागी बसतं? दोन जागा सारख्याच वाटल्या की माझं चुकतंच

द्राक्षवेल (तासगाव, सध्या सांगली)

नमस्कार. मी सांगलीत खोली घेऊन एमबीए प्रवेशाच्या कॅटची तयारी करतेय. इंग्रजीच्या भागात एक प्रकार असतो. वर एक सुटं वाक्य देतात, खाली परिच्छेद आणि त्यात (१) ते (४) अशा चार रिकाम्या जागा. ते वाक्य कुठं बसेल ते सांगायचं. २०२२ पासून हा प्रकार येतोय. बरोबर आलं तर ३ गुण, चुकलं तर १ वजा.

उताऱ्यावरचे प्रश्न मला जमतात, पण इथं मार खाते. मागच्या सराव परीक्षांतले असे २० प्रश्न काढून पाहिले, त्यातले ११ चुकलेत. त्या ११ पैकी ८ वेळा मी शेवटी दोनच जागांवर अडकले होते आणि दोन्हींतली चुकीची उचलली. म्हणजे परिच्छेद कळत नाही असं नाही. शेवटच्या पायरीवर पाय घसरतो.

क्लासमध्ये सांगितलं, "वाक्य बसवून वाच, कानाला जिथं बरं वाटेल ते उत्तर." माझ्या कानाला दोन्हीकडं बरं वाटतं. तुम्ही काय करता?

किल्ल्याखालचा (सातारा)

सोपं आहे. दिलेल्या वाक्यातला मुख्य शब्द पकडायचा आणि परिच्छेदात तोच शब्द किंवा त्याचा भाऊबंद कुठं आलाय ते बघायचं. त्याच्या लगेच पुढची जागा हे उत्तर. माझे दहातले सहा-सात असेच येतात.

पुसेगाव_एक्सप्रेस

ताई, यात वजा गुण नसतात. क्रम टाइप करायचा असतो, त्यामुळं काहीतरी टाकून यायचंच. आधी पहिलं वाक्य शोध, मग जोड्या लाव, बाकीचं आपोआप बसतं.

द्राक्षवेल

दादा, तुम्ही म्हणताय तो विस्कटलेल्या वाक्यांचा प्रकार. त्यात सगळीच वाक्यं सुटी असतात आणि क्रमांक टाइप करायचे असतात. तिथं वजा गुण नाहीत, बरोबर. इथं परिच्छेद जागच्या जागी असतो, फक्त एक वाक्य बाहेर. आणि पर्याय असल्यामुळं वजा गुण आहेत.

पुसेगाव_एक्सप्रेस

हां, मग माझी गफलत झाली. मी २०२१ ला दिली होती, तेव्हा हे नव्हतं.

वाईचा_मास्तर

मुली, तू स्वतःच्या चुका मोजून बघितल्यास हे चांगलं केलंस. ११ पैकी ८ वेळा दोन जागांवर अडकलीस, यातच दुखणं कुठं आहे ते दिसतं.

मी वाईत कॉलेजात इंग्रजी शिकवायचो आणि असले प्रश्न बरीच वर्षं काढलेत. काढणारा काय करतो ते आधी सांगतो. तो एक बांधीव परिच्छेद घेतो आणि मधलं एक वाक्य उचलतो. जिथून उचललं तिथं एक खूण, आणखी तीन ठिकाणी खोट्या खुणा. त्या तिघांतली एक तरी अशी निवडतो, की तिच्या मागच्या वाक्याशी उचललेलं वाक्य अगदी छान जुळेल. विद्यार्थी मागचं वाक्य बघतो, आपलं वाक्य जोडतो, समाधान होतं आणि थांबतो. पुढचं वाक्य तपासतच नाही. "दोन्हीकडं बरं वाटतं" त्याचं कारण हेच. जागेला दोन काठ असतात आणि तू एकच बघतेस.

इंग्रजी परिच्छेद इथं उतरवत बसत नाही. आपल्याकडचाच विषय घेऊन मराठीत एक बनवलाय. बसवायचं वाक्य असं:

*पण हाच बंदपणा माणसाच्या जिवावर उठू शकत असे.*

आणि परिच्छेद:

*हळद साठवायला सांगलीत पूर्वी पेवे वापरत. हरिपूरच्या बाजूला जमिनीत खोल खणलेले हे खड्डे वरून पाहणाऱ्याला दिसतही नसत. (१) पेव भरले की त्याचे तोंड बंद करून वर माती लिंपत. (२) त्यामुळे आत हवा शिरत नसे आणि हळदीला वर्षानुवर्षे कीड लागत नसे. (३) माल काढायच्या दिवशी पेव उघडून काही तास तसेच ठेवत, मग पेटता कंदील दोरीने आत सोडत. (४) तो विझला नाही, तरच हमाल खाली उतरत.*

उत्तर नुसतं सांगू नका. बाकीच्या जागा का नाहीत तेही लिहा.

किल्ल्याखालचा

(२). "तोंड बंद करून" आणि "हाच बंदपणा", शब्दच जुळतोय. दहा सेकंद लागली.

द्राक्षवेल

मीही आधी (२) वरच गेले. मग सर म्हणाले तसं पुढचं वाक्य वाचलं. "पण हाच बंदपणा माणसाच्या जिवावर उठू शकत असे. त्यामुळे आत हवा शिरत नसे..." म्हणजे जिवावर उठतो म्हणून हवा शिरत नाही? उलटंच झालं. मग (३)?

हळदगाडा (हरिपूर)

उत्तर (४) पायजे. आमचा आजा पेवावर हमाल हुता. तोंड उघडलं की लगीच कोण आत जात नव्हतं. कंदील सोडायचा, वात बारीक झाली की समजायचं आत दम न्हाई. मग पेव तसंच ठेवायचं. तवा कंदील सोडल्याचं सांगितलं की लगेच का सोडत्यात ते सांगाय नको का? म्हणून (४).

आणि ते पेव म्हंजे नुसता खड्डा न्हवं. तोंड माणूस जेमतेम उतरंल एवढं, आत गेलं की पोट मोठं. कडेनं पाला आणि चटया लावायच्या म्हंजे मातीची ओल मालाला लागत न्हाई. २००५ च्या महापुरात आमच्या बाजूची लई पेवं पाण्याखाली गेली, तवापासनं बराच माल गोदामात.

वाईचा_मास्तर

हळदगाडा, तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या परिच्छेदापेक्षा मोलाचं आहे. आजोबांकडून ऐकलेलं आणखी काही असेल तर वेगळा धागा काढून नक्की लिहा.

आता उत्तराकडं येऊ. (३) बरोबर आहे.

(२) ला मागचा काठ पक्का जुळतो, किल्ल्याखालचा म्हणतात ते खरं. तो शब्द मी मुद्दाम तिथं ठेवला होता. पण पुढचं वाक्य "त्यामुळे"नं सुरू होतं. माती लिंपली, *त्यामुळे* हवा शिरत नाही, अशी ती गाठ आधीच बांधलेली आहे. मध्ये आपलं वाक्य घुसवलं की गाठ तुटते. शिवाय आपल्या वाक्यात "पण" आणि "हाच" आहे. आधी बंदपणाचा फायदा सांगितला असेल तरच "पण हाच" म्हणता येतं. फायदा, म्हणजे कीड लागत नाही हे, (२) नंतरच्या वाक्यात येतो. तेव्हा (२) ला "पण" लोंबकळत राहतो.

(३) ला मागं फायदा आहे, "पण हाच" नीट बसतं. पुढं पेव उघडून तसंच ठेवणं आणि कंदील सोडणं आहे. धोका सांगितला, मग त्यावरची काळजी सांगितली. दोन्ही काठ लागले.

(१) बद्दल फार बोलायला नको. तोवर बंद करण्याचा विषयच निघालेला नाही.

(४) हा खरा विचार करायचा भाग. हळदगाडांचं उत्तर अडाणीपणाचं अजिबात नाही, उलट विषय पक्का माहीत असलेल्या माणसाचं आहे. तोंडी सांगताना आपण कृती आधी सांगतो आणि कारण मागनं जोडतो. पण तसं सांगताना आपण "कारण" म्हणतो, "पण" म्हणत नाही. "कंदील सोडत. *पण* हाच बंदपणा..." यात "पण"ला उलट काही मिळत नाही. तुम्ही डोक्यातल्या पेवावरून उत्तर दिलंत, कागदावरच्या शब्दांवरून नाही. परीक्षेत ओळखीचा विषय आला की हा धोका जास्त असतो.

हळदगाडा

पटलं. पण समजा "पण" काढला तर? "हा बंदपणा माणसाच्या जिवावर उठू शकत असे." मग (४) चालंल का न्हाई?

वाईचा_मास्तर

मग भांडण जवळ येतं. तरी पुढच्या वाक्यातला "तो" बघा. "तो विझला नाही." आत्ता "तो"च्या लगेच मागं कंदील आहे. मध्ये आपलं वाक्य आलं की "तो"च्या सगळ्यात जवळचा कर्ता "बंदपणा" होतो, आणि तोही पुल्लिंगीच.

किल्ल्याखालचा

सर, विझणारा कंदीलच असणार. बंदपणा विझतो असं कोण समजेल?

वाईचा_मास्तर

कोणी समजणार नाही. वाचणारा क्षणभर मागं जाईल आणि कंदील शोधून आणेल. म्हणून ही जागा अशक्य आहे असं मी म्हणणार नाही, ताणलेली आहे असं म्हणेन. अशा प्रश्नात बऱ्याचदा चूक आणि बरोबर असा सामना नसतोच, ताणलेली जागा आणि सैल न पडणारी जागा असा असतो.

मिरजेची_सतार (सध्या परदेशी)

उशिरा येतेय. मी २०१९ ला टोफेल दिली तेव्हा त्यातही हाच प्रकार होता. मोठा उतारा, त्यातल्या एका परिच्छेदात चार छोटे काळे चौकोन. चौकोनावर क्लिक केलं की वाक्य तिथं जाऊन बसायचं, म्हणजे वाचून बघता यायचं. वजा गुणही नव्हते. कॅटमध्ये ती सोय नाही, मनातच बसवून बघावं लागतं. द्राक्षवेल, तू पुढचा काठ वगळतेस त्यामागं हेही असेल. पडद्यावर आपलं वाक्य वर आणि परिच्छेद खाली असतो. डोळा वरून खाली येताना मागचं वाक्य जोडतो, पण पुढच्यापर्यंत पोचेस्तोवर आपलं वाक्य मनातनं निसटलेलं असतं.

मी एक करायचे. आपलं वाक्य कच्च्या कागदावर चार-पाच शब्दांत उतरवायचं. वरच्या उदाहरणात "पण + हाच बंदपणा + धोका" एवढंच. मग प्रत्येक जागेच्या *पुढच्या* वाक्याचे पहिले तीन शब्द आधी वाचायचे, मागचं वाक्य नंतर. उलट्या बाजूनं गेलं की कान फसत नाही.

द्राक्षवेल

हे आज रात्रीच करून बघते. सर, एक शंका आहे. तुमच्या मराठी परिच्छेदात मला "तो", "त्यामुळे" लगेच दिसलं. इंग्रजीत असं दिसत नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे की आणखी काही?

वाईचा_मास्तर

इंग्रजी कच्चं असतं तर उताऱ्याचे प्रश्न आले नसते. मराठी माध्यमातल्या मुलांचं हे मी खूप वेळा पाहिलंय. त्याची दोन कारणं सांगतो.

पहिलं लिंगाचं. आपल्याकडं हळद ती, कंदील तो, पेव ते. सर्वनाम ऐकलं की निम्मं काम झालं. इंग्रजीत तिन्हींना 'इट'च. आपण इंग्रजी वाचताना मनात नकळत मराठी करत जातो. तसं करताना 'इट'ला "तो" म्हटलं की कंदील ठरला, "ते" म्हटलं की पेव ठरलं. ठरवलं आपण, पण वाटतं की परिच्छेदानंच सांगितलं. मग चुकीच्या जागेतही सगळं छान जुळतं. तेव्हा दोन जागांवर अडकलीस की पुढच्या वाक्यातल्या 'इट', 'दे', 'धिस'वर बोट ठेव आणि त्याच्या जागी पूर्ण नाम घालून वाच. 'इट'च्या जागी 'द लँटर्न' म्हणून बघ, मग 'द पिट' म्हणून बघ.

दुसरं त्याहून बारीक आहे. इंग्रजीत वस्तू पहिल्यांदा आली की 'अ लँटर्न', पुन्हा आली की 'द लँटर्न'. मराठीत हे शब्दच नाहीत, त्यामुळं आपला डोळा त्यांच्यावरून घसरतो. समज, हाच परिच्छेद इंग्रजीत आहे आणि बसवायच्या वाक्यात 'द लँटर्न' आहे. तर जिथं 'अ लँटर्न' पहिल्यांदा येतो त्याच्या आधीच्या सगळ्या जागा जवळपास बाद. उलट वाक्यात 'अ लँटर्न' असेल आणि परिच्छेदात पुढं कुठं 'द लँटर्न' उघडा पडला असेल, तर वाक्य त्याच्या आधीच जाणार.

किल्ल्याखालचा

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी 'द' वगळूनच वाचतो. म्हणजे 'द' दिसला की मागं शोधायचं, पक्कं?

वाईचा_मास्तर

पक्कं नको म्हणू. 'द सन', 'द गव्हर्नमेंट' याला मागं काही लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. 'द माउथ ऑफ अ पिट' यातला 'द' पुढच्या 'ऑफ'मुळं आलाय, मागच्या उल्लेखामुळं नाही. आणि पेवाबद्दल बोलून झालं की 'द माउथ' आपोआप म्हणता येतं, कारण पेव म्हटलं की तोंड आलंच. 'द'वरून जागा बाद करायला मदत होते. एकट्या 'द'वर उत्तर ठरवू नये.

तुझा शब्द जुळवायचा मार्गही तसाच अर्धा कामाचा आहे. शब्द जुळला की आपण योग्य परिसरात आलो एवढं कळतं. आळी सापडते, घर सापडत नाही. दहातले सहा-सात येतात ते त्यामुळं, आणि जे तीन-चार जातात तेही त्यामुळंच.

द्राक्षवेल

आज १० प्रश्न केले. पुढचं वाक्य आधी वाचायचं आणि सर्वनामाच्या जागी नाम घालायचं, एवढंच ठरवून बसले होते. ७ बरोबर. वेळ मात्र वाढला, एकेकाला जवळपास तीन मिनिटं. ४० मिनिटांत २४ प्रश्न, त्यात १६ उताऱ्यांवरचे, तेव्हा हे परवडणार नाही. पण आधी बरोबर येऊ दे, मग वेग बघते.

चुकलेल्या तिनांतल्या एकावर मात्र मला अजून उत्तरसूचीच चूक वाटते. त्याच घडणीचा मराठीत करून टाकते. विषय कासचा घेतलाय.

बसवायचं वाक्य: *थोडे खणले की लगेच जांभ्याचा कातळ लागतो.*

*कासच्या पठारावर मातीचा थर अगदी पातळ आहे. (१) त्यामुळे झाडांची मुळे खोल जाऊ शकत नाहीत आणि उंच झाडे विरळच दिसतात. (२) पावसाळा सरता सरता हाच कातळ रानफुलांनी झाकून जातो. (३) टोपली कारवीसारखी झुडपे मात्र दरवर्षी फुलत नाहीत. तिचा बहर साधारण सात वर्षांनी येतो. (४)*

मी (१) दिलं. उत्तरसूची म्हणते (२).

मिरजेची_सतार

मी (१)च्या बाजूनं. माती पातळ, खाली लगेच कातळ, त्यामुळं मुळं खोल जात नाहीत. कारणांची साखळी पूर्ण होते. (२) ला टाकलं तर झाडांबद्दल बोलून झाल्यावर पुन्हा जमिनीकडं वळावं लागतं.

वाईचा_मास्तर

मी (२) देईन. "त्यामुळे" हे पातळ मातीवर आधीच उभं आहे, त्याला आणखी आधार लागत नाही. उघडा पडलाय तो "हाच कातळ". त्याला धनी पाहिजे आणि तो जितका जवळ तितका बरा.

मिरजेची_सतार

पण सर, (१) ला ठेवलं तरी कातळ "हाच कातळ"च्या आधीच येतो. मध्ये एकच वाक्य आहे आणि त्यात दुसरा कुठला कातळ नाही. गोंधळ कुणाचाच होत नाही. तुम्हीच वर म्हणालात, वाचणारा मागं जाऊन शोधून आणतो.

वाईचा_मास्तर

आणतो, आणि तेव्हा मी त्याला ताण म्हटलं होतं. इथं ताण फार नाही, हे कबूल. मी काढला असता तर "थोडे खणले की"च्या आधी "शिवाय" घातला असता किंवा "त्यामुळे"च्या वाक्यात कातळाचा उल्लेख ठेवला असता, म्हणजे एक जागा मेली असती. आहे त्या रूपात मला (२) सरस वाटतं. पण (१) देणाऱ्याला मी चुकीचा ठरवणार नाही.

हळदगाडा

मग परीक्षेत असला आला तर? सोडायचा का?

किल्ल्याखालचा

याचा हिशेब मला येतो. चारही जागा सारख्याच वाटत असतील आणि डोळे मिटून टाकलं, तर चारांत एकदा ३ मिळतात, तीनदा १ जातो. बेरीज शून्य. एक जागा नक्की बाद केली तर तिनांत एकदा ३, दोनदा वजा १, म्हणजे तीन प्रश्नांत १ गुण हातात. दोनवर आलो तर दोन प्रश्नांत २ गुण. म्हणून दोनवर अडकलं की सोडायचं नाही, एक उचलायचं आणि पुढं जायचं. तिथं आणखी दोन मिनिटं घालवणं तोट्याचं.

द्राक्षवेल

हा हिशेब कुणी सांगितलाच नव्हता. मी दोनवर अडकले की उलट जास्त वेळ द्यायचे, कारण "जवळ आलंय" असं वाटायचं.

सर, एक राहिलं. आधी वाक्य वाचायचं की आधी परिच्छेद?

वाईचा_मास्तर

मी परिच्छेद आधी वाचतो, वाक्याशिवाय. कुठं ठेच लागते ते बघतो. कासचा परिच्छेद नुसता वाचलास तर "हाच कातळ"ला ठेच लागतेच.

मिरजेची_सतार

मी वाक्य आधी. पेवाचा परिच्छेद वाक्याशिवाय वाचला तर ठेच कुठंच लागत नाही. कीड लागत नसे, मग पेव उघडून कंदील सोडत, सरळ वाचून होतं. तिथं वाक्य माहीत नसताना वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावाच लागतो.

वाईचा_मास्तर

हे खरं आहे. पेवाचा मी मुद्दामच तसा बांधला होता. मुली, दोन्ही रीतींनी दहा-दहा प्रश्न कर, वेळ लिहून ठेव आणि इथं टाक.

द्राक्षवेल

रविवारी टाकते. हळदगाडा दादा, पेवाचा धागा काढलात तर मला सांगा. मला त्या पाल्याबद्दल आणि चटयांबद्दल विचारायचंय.